उतरता हप्ता

कोलशेतच्या पतपेढीत जोविटाबायने एकतीस वर्षं काढली. त्यातली अठ्ठावीस वर्षं एकाच खिडकीमागे. गावातला एकही माणूस असा नव्हता, की ज्याने कधी ना कधी त्या खिडकीत मान खाली घालून "बाय, किती बाकी आहे?" असं विचारलं नसेल. आणि जोविटाबायने कधी वही उघडून उत्तर दिलंय, असंही झालं नाही. आकडे तिला तोंडपाठ. होडीचं इंजिन घेणारे कोळी, मिठागरं सुटल्यावर कारखान्यात लागलेले, पोरीचं लग्न काढणारे, सगळ्यांची मुद्दल तिच्या डोक्यात. माणसांचे वाढदिवस मात्र तिला आठवायचे नाहीत. स्वतःच्या नवऱ्याचाही नाही. वॉरेन बिचारा दर वर्षी आदल्या दिवशी आठवण करून द्यायचा. तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली.

रिटायर होऊनही ती रोज अकराला पतपेढीत जाऊन बसते. घर समोरच, रस्ता ओलांडला की झालं. खिडकीमागे आता स्वानंद नावाचा मुलगा आहे, कॉमर्सचा ग्रॅज्युएट, गुणी, थोडा बोलका. त्याने बायसाठी एक प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवलीय. लोक अजूनही कर्जाचा अर्ज स्वानंदला देतात आणि सल्ला खुर्चीला विचारतात.

सल्ला ठरलेला असे. "उतरता हप्ता घे."

पतपेढीची जुनी पद्धतच ती. मुद्दल दर महिन्याला सारखी फेडायची आणि व्याज उरलेल्या मुद्दलीवर द्यायचं. मुद्दल कमी होते तसं व्याज कमी, म्हणून हप्ताही महिन्यागणिक उतरत जातो. चार वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा कमिटीने बँकेसारखा समान हप्ताही सुरू केला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आकडा, दर महिन्याला बँक खात्यातून आपोआप वळता. तरुण सभासद त्याच्यावर खूश होते. जोविटाबायचा मात्र त्या आपोआपवर भयंकर राग. "न बघता पैसे गेलेले बरे वाटतात काय रे तुम्हाला?" असं ती त्यांना विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही.

तिचा एकुलता मुलगा मार्विन डोंबिवलीला राहतो. कोलशेतहून डोंबिवली काही विलायत नाही. पण मार्विनने प्रियांकाशी लग्न केलं, कल्याणला, रजिस्टर पद्धतीने. पोरगी हिंदू, साताऱ्याकडची, आणि चर्चमध्ये लग्न नाही म्हटल्यावर जोविटाबाय गेली नाही. त्या दिवशी ती खिडकीमागे बसून व्हाउचरं लिहीत होती. एका सभासदाचे दोनशे रुपये तिने दुसऱ्याच्या खात्यात टाकले. सगळ्या नोकरीतली तेवढीच चूक, आणि ती तिनेच दुसऱ्या दिवशी शोधून काढली.

पुढे पहिल्या दिवाळीला प्रियांकाने मार्विनबरोबर फराळाचा डबा पाठवला. चकल्या, करंज्या, शेव, वर एक छोटी पणती. जोविटाबायने डबा घासून, पुसून, रिकामा परत पाठवला. आपल्याकडे सुनेचा तर सोडाच, शेजारणीचाही डबा रिकामा परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. हे तिला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. नंतर डबा आला नाही. मार्विनही येईनासा झाला. नाताळला तासभर, वॉरेनच्या बरसीला चर्चमधल्या मिस्सेपुरता, बस्स.

मग अडीच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तो अचानक आला. डोंबिवलीच्या एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी, तो तिथे एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. पायातले बूट न काढताच म्हणाला, "मम्मी, लोन पाहिजे. सहा लाख. प्रियांकाला पार्लर टाकायचंय. गाळ्याचं डिपॉझिट, खुर्च्या, सगळं मिळून तेवढं होतंय. तू जामीन राहशील?"

अठराव्या वर्षी तिनेच त्याला सभासद करून घेतलं होतं. ती लगेच हो म्हणाली. दुसरी जामीनदार शेजारची रोझा. प्रश्न राहिला हप्त्याचा.

स्वानंदने दोन्ही कागद छापून पुढे ठेवले. सहा लाख, पाच वर्षं, व्याज बारा टक्के. समान हप्ता तेरा हजार तीनशे सत्तेचाळीस. उतरता हप्ता पहिल्या महिन्याला सोळा हजार, मग दर महिन्याला शंभर रुपये कमी, शेवटचा दहा हजार शंभर.

"हे सोळा हजार मला झेपणार नाहीत," मार्विन म्हणाला. "तेरा-साडेतेरा जमतील. समानच घेतो. खात्यातून कटतील, यायची पण कटकट नाही."

यायची पण कटकट नाही. जोविटाबायने ते वाक्य ऐकलं आणि चष्मा वर सरकवला.

"बघ," ती म्हणाली, "पहिल्या महिन्याचं व्याज दोन्हीकडे सारखंच, सहा हजार. समान हप्त्यात मुद्दलीला जातात फक्त सात हजार तीनशे सत्तेचाळीस. उतरत्यात जातात पुरे दहा हजार. मुद्दल हळू हलली की व्याज जास्त दिवस चरत बसतं. पाच वर्षांचं व्याज समानमध्ये दोन लाख आठशे. उतरत्यात एक लाख त्र्याऐंशी हजार. सतरा हजार आठशेचा फरक आहे, मार्विन. फुकट घालवायचेत?"

"पण सोळा हजार आणू कुठून?"

"तू दर महिन्याला साडेतेराच आण. वरचे मी घालते. पहिल्याला अडीच हजार, मग चोवीसशे, असे उतरत उतरत सव्विसाव्याला माझे संपतील. सत्ताविसाव्यापासून हप्ता साडेतेराच्या खाली जाईल, तेव्हा वरचे मला परत दे. माझे होतात साडेबत्तीस हजार. एक्कावन्नाव्या महिन्याला फिटतील."

स्वानंद कॅल्क्युलेटरवर बोटं मारत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम."

हिशोब बरोबरच होता. त्या खिडकीवर तिने कधी चुकीचा हिशोब सांगितला नाही. पण खरं कारण तिने सांगितलं नाही. नव्या सॉफ्टवेअरला खात्यातून एकच ठरलेला आकडा ओढता येतो. दर महिन्याला बदलणारा हप्ता असेल तर सभासदाने खिडकीवर येऊन भरायचा, अशी पतपेढीची रीत आहे. हे तिला माहीत होतं, स्वानंदला माहीत होतं, मार्विनला सही केल्यावर कळलं.

"म्हणजे दर महिन्याला इथे यायचं?"

"शुक्रवारी सुट्टीच असते ना तुला," ती म्हणाली. "पहिल्या शुक्रवारी ये. जेवून जा."

अशा रीतीने जोविटाबायला महिन्यातून एक दिवस मुलगा मिळाला. उरलेले दिवस ती कशी काढायची ते आपण उगाच खोदून विचारू नये. खालच्या खोलीत ती राहायची, वरच्या दोन बंद. सकाळी मिस्सा, अकरा ते चार पतपेढी, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कुठे चाललास म्हणून विचारायची. माणसं उत्तर देऊन पुढे जायची. रात्रीचा भात दुपारचाच. एकटीसाठी तो दोनदा कोण लावणार!

पहिल्या शुक्रवारची गोष्टच वेगळी. मिस्सा उरकून ती खाडीवरच्या बायकांकडून कोळंबी नाहीतर बोंबील आणायची, कालवण करायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची. मार्विन अकराला बाइकवरून यायचा. दोघं मिळून खिडकीवर जायची, तो साडेतेरा काढायचा, ती आपला भाग काढायची. स्वानंद पावती फाडायचा. मग जेवण. मार्विन जेवताना बोलायचा, कंपनीचं, ट्रॅफिकचं, क्रिकेटचं. प्रियांकाचं नाव दोघंही घ्यायची नाहीत. एकदा तो चुकून म्हणाला, "पार्लरला बोर्ड लावला, मस्त दिसतो." तिने विचारलं, "भाकरी देऊ?" तिने ज्या पार्लरमध्ये दर महिन्याला पैसे घातले, ते बघितलं मात्र कधीच नाही.

चौदाव्या महिन्यात तिने वरची एक खोली झाडून घेतली, पाऊस लागला तर तो राहील म्हणून. पाऊस लागला, तो रेनकोट घालून गेला.

सव्विसावा महिना आला तेव्हा तिच्या खिशातून काही गेलं नाही. सत्ताविसाव्याला मार्विनने शंभराची नोट तिच्या हातात ठेवली आणि हसून म्हणाला, "घे, तुझा पहिला हप्ता." पुढे दोनशे, तीनशे. ती नोटा उशीच्या अभ्र्यात ठेवायची. बँकेत टाकायला हव्या होत्या हे तिच्यासारखीला कोणी सांगावं?

तिसाव्या शुक्रवारी हप्ता होता तेरा हजार शंभर. चारशे तिला. पावती घेऊन दोघं घरी आली. पहिला घास घेतल्यावर मार्विन म्हणाला, "मम्मी, कंपनी इथून हलतेय. पाताळगंगेच्या एमआयडीसीला. मला तिकडेच घेतायत, पण जुना हिशोब मिटवून तीन लाख वीस हजार दिलेत. खात्यात आलेत परवा. मी बघितलं, आपल्या लोनची बाकी आता बरोब्बर तीन लाख आहे."

"तीन लाख," जोविटाबाय म्हणाली. भाकरी तिच्या हातात तशीच राहिली.

"बंद करून टाकू? की एफडीत ठेवू आणि हप्ते चालू देऊ? प्रियांका म्हणते, मम्मींना विचार, त्यांना कळतं त्यातलं."

समान हप्ता घेतला असता तर आज तीन लाख चव्वेचाळीस हजार बाकी असती. तीन लाख वीस हजारांत कर्ज सुटलं नसतं. हे तिच्या मनात सगळ्यात आधी आलं आणि तिला आपलंच हसू आलं. मुद्दल लवकर हलते, लवकर हलते म्हणून अठ्ठावीस वर्षं गावाला ओरडून सांगितलं, ती हलली खरी. तीस महिन्यांत बरोबर निम्मी. तिचे अजून तीस शुक्रवार होते, ते या एका वाक्यात जाणार होते.

आणि मग ती बोलली. कसं बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"उरलेलं व्याज किती ते बघ आधी. तीस महिन्यांचं साडेशेहेचाळीस हजार. आणि तीन लाखांची एफडी केलीस आठ टक्क्यांनी, तर अडीच वर्षांत साठ हजार मिळतील. साडेतेरा हजार वर राहतात तुला. बंद कशाला करायचं?"

मार्विनचे डोळे चमकले. "अरे! हे माझ्या डोक्यातच नाही आलं. मग चालूच ठेवू. मस्त."

त्याने आणखी एक भाकरी घेतली. जोविटाबायने त्याच्या ताटात कालवण वाढलं. तीस शुक्रवार परत आले होते. तिने ते मिळवले होते एका लबाडीने, आणि ती लबाडी कोणती हे तिच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक नव्हतं. गावात एफडी गोळा करत फिरणारे एजंट हाच हिशोब सांगायचे. बारा टक्क्यांचं कर्ज ठेवा आणि आठ टक्क्यांत पैसे गुंतवा, तरी फायदा, असं म्हणायचे, आणि भोळी माणसं भुलायची. त्या माणसांना खिडकीवर बसवून ती कागदावर चूक काढून दाखवायची. एकदा तर एका एजंटला तिने सगळ्यांसमोर हाकललं होतं.

मार्विन हात धुऊन आला. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "तू नसतीस तर मी फसलो असतो."

हे मात्र तिला सोसवलं नाही.

"बस," ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं."

"काय?"

"एफडीतले तीन लाख तीस महिने पुरे राहतात, म्हणून साठ हजार दिसतात. कर्जातले तीन लाख दर महिन्याला दहा हजारांनी कमी होतात, म्हणून व्याज साडेशेहेचाळीसच दिसतं. पण ते कमी कोण करतं? तूच. दर महिन्याला तुझ्या खिशातून तेरा हजार, बारा हजार नऊशे जाणार. तो पैसा हिशोबात धरलाच नाही मी. कर्ज आज बंद कर आणि तेच हप्ते दर महिन्याला आठ टक्क्यांनी रिकरिंगमध्ये टाक. अडीच वर्षांनी तीन लाख ऐंशी हजारांच्या वर होतील. एफडीचे होतील तीन साठ. बारा टक्क्यांनी घेतलेलं आठ टक्क्यांत ठेवून कोणी श्रीमंत होत नाही."

"मग आधी तसं का सांगितलंस? तू तर झोपेतपण चुकत नाहीस."

तिने ताटं उचलली. "वय झालं," म्हणाली. खरं सांगायची ही दुसरी संधी होती आणि तीही तिने घालवली.

चारला खिडकी बंद होते. तीनला दोघं परत गेली. मार्विनने चेक दिला, स्वानंदने नोंद केली, बेबाकी दाखला छापला, त्यावर शिक्का मारला. "मॅडम, तुमची जामीनकी सुटली," तो उत्साहाने म्हणाला. "तीस महिन्यांत! वसुलीचा असा सभासद मिळायला पाहिजे." जोविटाबायने दाखला डोळ्यांजवळ धरून पुरा वाचला, सवयीने. त्यात चूक नव्हती.

बाहेर पायरीवर मार्विनने फोन काढला. "तुझे पण देऊन टाकतो, मम्मी. साडेबत्तीसातले हजार आले ना तुझ्याकडे? एकतीस हजार पाचशे."

"ते राहू दे," ती घाईने म्हणाली. "त्याला काय व्याज आहे? थोडे थोडे आणून दे. दर महिन्याला पाचशे."

"पाचशेने पाच वर्षं लागतील. एकदाच सुटू दे ना, तुलाही बरं, मलाही." त्याचा अंगठा फोनवर चालला आणि तिच्या पिशवीतला फोन वाजला. "आले?"

"आले," ती म्हणाली.

त्याने हेल्मेट हातात घेतलं. पाताळगंगेला सुट्टी कुठल्या वाराची असते ते अजून त्यालाही माहीत नव्हतं. जोविटाबायला वाटलं, आत्ता नाही बोललं तर कधीच नाही.

"मार्विन, हप्ता नसला तरी येत जा रे. मला फार एकटं वाटतं."

साठी उलटलेल्या बाईला हे एक वाक्य बोलायला तीस महिने लागले होते, आणि ते बोलायला काही सोळा हजार पडले नाहीत. त्याने हेल्मेट सीटवर ठेवलं.

"मम्मी, मी दर महिन्याला आलो. तू एकदा तरी म्हणालीस, हिला घेऊन ये? दर शुक्रवारी ती मला विचारायची, मम्मी काय म्हणाल्या. मी काय सांगणार, भाकरी देऊ म्हणाल्या?" त्याचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "मी येईन ना. कामाचं बघून येईन. पण एकटा यायचा मला आता कंटाळा आलाय."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. तो डबा, ती पणती, कल्याणचा तो दिवस. मार्विन जरा थांबला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जपून रस्ता क्रॉस कर," आणि गेला.

ती रस्ता ओलांडून घरी गेली नाही. पायरीवरच उभी राहून तिने पिशवीतून फोन काढला, उघडला, नावांची यादी वर सरकवली, खाली सरकवली. मग पुन्हा आत जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. खुर्चीवर नाही, खिडकीच्या अलीकडे, जिथे सभासद उभे राहतात तिथे. स्वानंद ड्रॉवरला कुलूप लावत होता.

"काय राहिलं, मॅडम?"

"मार्विनच्या सभासद फॉर्मवर वारसाचं नाव असेल. फोन नंबरही असेल खाली."

"आहे ना. प्रियांका, पत्नी." त्याने फाइल पुन्हा काढली, पान उलटलं आणि गोंधळून वर पाहिलं. "पण मॅडम, तुमच्या सुनेचा नंबर तुमच्याकडे नाही?"

एकतीस वर्षांत त्या खिडकीत पहिल्यांदाच जोविटाबायने मान खाली घातली.

"नाही," ती म्हणाली. "लिहून दे."